पडद्यावर १४ टक्के, आणि गाडी चढावर बंद: एलएफपी आणि निकेलच्या बॅटरीत फरक नेमका कुठे पडतो?

सडा_कातळ

चारचाकी इलेक्ट्रिक, ३० केडब्ल्यूएचची म्हणजे ३० युनिटची एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी, रोजची ये-जा रत्नागिरी ते लांजा. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग. बॅटरी जास्त टिकावी म्हणून पहिल्या दिवसापासून ८० टक्क्यांवर चार्जिंग बंद होईल असं सेट केलेलं आहे, १०० कधीच केलेलं नाही. गेल्या आठवड्यात परतताना पडद्यावर १४ टक्के होते. हातखंब्याच्या चढावर आकडा थेट ३ वर आला, ताकद कमी झाल्याचं चिन्ह लागलं आणि गाडी थांबली. सर्व्हिस सेंटरने 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' एवढंच सांगितलं. बॅटरी खराब झाली आहे का? आणि दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तर निकेलवाली घ्यावी का?

नारळी_पौर्णिमा

बॅटरी खराब नाही. एलएफपीला ८० चा नियम लागतच नाही, तो निकेलच्या म्हणजे एनएमसी बॅटऱ्यांचा. एलएफपी कायम १०० वर ठेवा, काही होत नाही. रोज रात्री लावा, सकाळी काढा.

व्होल्टाची_वाट

नारळी_पौर्णिमा, पहिला भाग बरोबर आहे. 'काही होत नाही' मात्र तितकं खरं नाही, त्यावर नंतर येतो. आधी १४ वरून ३ का झालं ते पाहू, कारण दोन रसायनांमधला रोजच्या वापरात जाणवणारा सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे.

बॅटरीत किती चार्ज उरला आहे हे थेट मोजणारं कुठलंही यंत्र गाडीत नसतं. गाडीचं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, दोन वाटांनी अंदाज काढतं. एक म्हणजे आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा जमाखर्च. दुसरी म्हणजे गाडी बराच वेळ उभी राहिल्यावर सेलचा स्थिर व्होल्टेज बघणं. जमाखर्चात चूक साठत जाते, व्होल्टेज ती चूक दुरुस्त करतो. एनएमसीत ही दुरुस्ती रोज रात्री आपोआप होते. एलएफपीत मधल्या पट्ट्यात ती जवळजवळ होतच नाही.

आकडे घ्या. एनएमसीचा सेल ८० टक्क्यांना साधारण ४ व्होल्टवर आणि ४० टक्क्यांना ३.६ च्या जरा वर असतो. म्हणजे ४० टक्क्यांत साडेतीनशे मिलिव्होल्टच्या आसपास फरक. एलएफपीचा सेल ८० ला ३.३३ आणि ४० ला ३.२९ च्या जवळपास. फरक फक्त ४० मिलिव्होल्ट, आणि तोही सलग उतार नाही, मध्ये लांबच लांब सपाट पट्टे आहेत. बीएमएसच्या मोजमापात ३ मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तर एनएमसीत अर्धा टक्काही चुकत नाही. एलएफपीच्या सपाट पट्ट्यात तेवढ्यानेच १० टक्क्यांचा गोंधळ होऊ शकतो. त्यात एलएफपीची आणखी एक खोड आहे. चार्ज करून ५० वर आणलेला सेल आणि वापरून ५० वर आणलेला सेल, दोघांना तासभर शांत ठेवलं तरी व्होल्टेज एक येत नाही, १०-१५ मिलिव्होल्टचा फरक राहतो. मग व्होल्टेजवरून टक्का ठरवायचा कसा?

असं होण्याचं कारण धन बाजूच्या पदार्थाच्या बारीक दाण्याच्या आत आहे. एलएफपीच्या दाण्यात लिथियम भरलेला भाग आणि रिकामा भाग असे दोन घन प्रकार शेजारी शेजारी असतात, आणि चार्ज होताना एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं. बर्फ वितळून संपेपर्यंत पाण्याचं तापमान हलत नाही, तसा हे रूपांतर चालू असेपर्यंत व्होल्टेज हलत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या थरांत लिथियम सगळीकडे सारखं पातळ होत जातं, म्हणून तिथे व्होल्टेज सतत उतरत राहतो.

आता तुमचा हिशोब. ३० केडब्ल्यूएचची बॅटरी म्हणजे समजा १०० सेल ओळीत, सरासरी ३२० व्होल्ट, क्षमता साधारण ९४ अँपिअर-तास. करंट मोजणारा सेन्सर ०.१ अँपिअरने चुकतोय असं धरू. गाडी बंद असताना बीएमएस सेन्सरचा शून्य जुळवून घेतं, पण चालू असताना तापमान बदललं की थोडी चूक पुन्हा येते. रोज दीड-दोन तास चालवणं आणि सहा-साडेसहा तास चार्जिंग, म्हणजे आठ तास सेन्सर मोजतोय. १५ दिवसांत १२० तास. ०.१ गुणिले १२० म्हणजे १२ अँपिअर-तास, जवळपास १३ टक्के. पडद्यावर १४ दिसत असताना आत १ उरला होता, असं घडायला एवढंच पुरतं. १० टक्क्यांखाली एलएफपीचा व्होल्टेज कड्यावरून कोसळल्यासारखा उतरतो. तो दिसताच बीएमएसला खरी स्थिती कळली आणि आकडा एकदम ३ झाला. चढावर करंट जास्त, त्यामुळे सगळ्यात अशक्त सेल २.५ व्होल्टच्या खालच्या मर्यादेला आधी टेकला आणि बीएमएसने ताकद काढून घेतली. ८० वर थांबून तुम्ही वरची दुरुस्ती कधी होऊच दिली नाही, आणि खालची दुरुस्ती हातखंब्याला झाली.

तारकर्लीचा_तांडेल

माझ्या स्कूटराचा काय ता पण सांगशात काय? ३.७ केडब्ल्यूएचची आसा, मॅन्युअलात एनएमसी लिवलेला. आता ही पण आठवड्यात एकदा १०० करूचीच लागात काय? होमस्टेच्या अंगणात दिवसभर उन्हात उभी रवता.

कुडाळ_बेंच

तांडेलानू, तुमचा उलट आसा. 😊 एनएमसीला टक्का जुळवण्यासाठी दर आठवड्याला १०० करायची गरज नाही, वर सांगितलंच आहे की मधल्या पट्ट्यातही तिचा व्होल्टेज बोलतो. तिला त्रास दोन गोष्टी एकत्र आल्या की होतो: भरलेली बॅटरी आणि उष्णता. पूर्ण भरलेला एनएमसी सेल ४.२ व्होल्टवर असतो. त्या दाबाला धन बाजूचा पृष्ठभाग आणि द्रव इलेक्ट्रोलाइट यांची आपसात झीज सुरू होते, निकेल जितकं जास्त तितकी ती वेगाने. एप्रिल-मेमध्ये अंगणातल्या उन्हात स्कूटरची सीटखालची जागा ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. त्या अवस्थेत रोज १०० वर उभी ठेवणं हा क्षमता घालवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

रोज ७०-८० पुरे. मालवणला जाऊन यायचं तर तेवढंही लागत नाही. लांब जायचं असेल त्या दिवशी १०० करा, पण ते निघायच्या तासभर आधी संपेल असं लावा, आदल्या रात्री नको. आणि उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, हात लावल्यावर गरम लागत नाही इतकी थंड होऊ द्या. माडाखाली उभी करणार असाल तर नारळ कुठे पडतो तेही बघा.

सडा_कातळ

व्होल्टाची_वाट, हिशोब पटला. मग आता करायचं काय, क्रमाने सांगाल का? आणि सेलच खराब आहे की नुसता आकडा चुकलाय, हे घरी ओळखता येतं का?

व्होल्टाची_वाट

गाडी घराजवळ असतानाच १०-२० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. त्याहून खाली मुद्दाम नेऊ नका, कारण तुमचा आकडा सध्या भरवशाचा नाही. मग संध्याकाळी घरच्या एसी चार्जरवर लावा, मर्यादा १०० करा आणि मध्ये काढू नका. जलद डीसी चार्जर या कामाला नको. तिथे शेवटचे टक्के घाईत जातात किंवा लोक ९०-९५ ला काढून निघतात. १०० दिसल्यावरही प्लग तसाच राहू द्या, गाडी स्वतः करंट बंद करेपर्यंत. काही गाड्या १०० दाखवून पुढे तासभर किंवा जास्त थोडाथोडा करंट घेत राहतात, तो काळ सेल समान करण्याचा असतो. नंतर दोन-तीन तास गाडी बंद ठेवा आणि नेहमीसारखी वापरा.

एका रात्रीत सगळं ठीक होईल असं मात्र समजू नका. सेल समान करायला बीएमएस जास्त भरलेल्या सेलचा चार्ज बारीक रेझिस्टरमधून जाळतं, आणि हा करंट बऱ्याच गाड्यांत १०० मिलिअँपिअरच्या घरात असतो. एखादा सेल इतरांपेक्षा २ टक्के पुढे असेल तर सुमारे १.९ अँपिअर-तास जाळायचे, म्हणजे १९ तास. एलएफपीत कोण पुढे आणि कोण मागे हे फक्त वरच्या टोकाला स्पष्ट दिसतं, त्यामुळे हे काम बहुतेक तिथेच होतं. दोन-तीन आठवडे, आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करून प्लग रात्रभर ठेवला की फरक दिसेल.

आपल्याकडे अडचण लाइटची. पावसाळ्यात रात्री दोनदा लाइट गेली की चार्जिंग ९३ ला अडकतं, आणि काही चार्जर लाइट आल्यावर स्वतःहून पुन्हा सुरू होत नाहीत. गावात संध्याकाळी १९० व्होल्ट येत असतील तर १५ अँपिअरवर ३.३ ऐवजी २.८ किलोवॉटच मिळतात, म्हणजे तास वाढतात. म्हणून ही पूर्ण चार्जिंगची रात्र घाईची नको, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाची निवडा.

कुडाळ_बेंच

ओळखण्याबद्दल मी सांगतो. गाडी तपासायच्या ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि तुमच्या मॉडेलचे सेल वाचणारं अ‍ॅप मिळालं तर उत्तम, मात्र सगळ्या मॉडेल्सना तसं अ‍ॅप नाही. अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजचा सेल, त्यांच्या क्रमांकासह बघा.

इथे लोक हमखास फसतात. ५० टक्क्यांवर सेलमधला फरक ४ मिलिव्होल्ट दिसला म्हणून खूश होतात. एनएमसीत तो आकडा खरंच चांगला. एलएफपीत ५० वर ४ मिलिव्होल्ट दिसले तर त्यावरून काहीच सांगता येत नाही, सपाट पट्ट्यात १० टक्के मागे असलेला सेलही तसाच दिसतो. एलएफपी दोन्ही टोकांना तपासायची: एकदा चार्जिंग संपत असताना, आणि एकदा १०-१५ टक्क्यांवर, अर्धा तास उभी ठेवून आणि मग हलक्या चढावर.

मग क्रमांक जुळवा. एकच सेल वरच्या टोकालाही सगळ्यात मागे आणि खालच्या टोकालाही सगळ्यात आधी पडत असेल, तर तो नुसता कमी भरलेला आहे, समान करत राहिलं की वर येतो. पण एकच सेल चार्ज होताना सगळ्यांच्या आधी ३.६५ ला पोचतो आणि वापरताना सगळ्यांच्या आधी कोसळतो, असं असेल तर त्याची क्षमताच कमी झाली आहे. त्याला समान करून काही उपयोग नाही. अशा वेळी दोन्ही टोकांचे स्क्रीनशॉट काढून वॉरंटीत लेखी तक्रार द्या. 'अपडेट केलं' यावर परत येऊ नका.

सडा_कातळ

हे स्क्रीनशॉटचं फार उपयोगी. अडॅप्टर मागवतो.

आंबोली_धुकं

एक शंका. आम्ही वर आंबोलीत राहतो. घरी १०० करून सावंतवाडीला उतरलं की पहिले काही किलोमीटर रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने बॅटरी भरणं, लागतच नाही, ब्रेक तापल्याचा वास येतो. एलएफपी म्हणून असं होतं का?

व्होल्टाची_वाट

नाही, भरलेल्या बॅटरीत आणखी भरायला जागाच नसते, हे दोन्ही रसायनांत सारखं. फरक इतकाच की एनएमसीवाला ८० वर निघतो म्हणून त्याला जाणवत नाही, आणि एलएफपीवाल्याला १०० करायला सांगितलेलं असतं.

तुमच्यासाठी हिशोब सोपा आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. सावंतवाडीपर्यंत ६०० मीटर उतार धरा, माणसांसकट गाडी १७०० किलो. एवढ्या उतारात पावणेतीन युनिट ऊर्जा सुटते. टायर, हवा आणि मोटरमध्ये निम्म्याच्या आसपास जाते, परत बॅटरीत साधारण दीड युनिट येऊ शकतं. ३० च्या बॅटरीचे ते ५ टक्के. शिवाय शेवटच्या टक्क्यांत बीएमएस करंट आवळून धरतं, म्हणून ९० वर निघणं बरं. आठवड्याची पूर्ण चार्जिंग वर घरी करण्यापेक्षा खाली सावंतवाडीत करता आली तर बघा, किंवा १०० करून आधी गावातच दहा-बारा किलोमीटर फिरून मग घाट उतरा. रीजन नसताना धुक्यात घाट फक्त ब्रेकवर उतरू नका.

पेठमाप

चिपळूणहून विचारतो. एलएफपी पेटत नाही म्हणतात, मग २०२१ सारखा पूर आला आणि गाडी पाण्यात गेली तर एलएफपी चालेल ना? घरच्या इन्व्हर्टरलाही तीच बॅटरी लावायचा विचार आहे.

कुडाळ_बेंच

पेठमाप, 'पेटत नाही' असं नाही, उशिरा पेटते. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, म्हणून तापल्यावर तो सुटून आगीला खाद्य देत नाही. सेल बेकाबू व्हायला एलएफपीत साधारण २७० अंश लागतात, एनएमसीत २१० च्या आसपास, आणि एनएमसीत नंतरची उष्णताही फार जास्त. पण इलेक्ट्रोलाइट दोन्हीकडे ज्वलनशील. एलएफपी फुटली की धूर म्हणून जो वायू बाहेर पडतो तो बंद जागेत साठला तर पेट घेतो.

पुराचा यात संबंध नाही. खाडीचं खारं पाणी पॅकमध्ये शिरलं तर शॉर्ट होतं ते बसबार, कनेक्टर आणि बीएमएसच्या पट्टीवर, आत कुठलंही रसायन असो. बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर चालू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घरापासून दूर मोकळ्यावर उभी करून कंपनीला कळवायचं. क्षार सुकल्यावर काही दिवसांनीही गडबड होऊ शकते. इन्व्हर्टरला एलएफपी चांगलीच, पण चार्जर एलएफपी सेटिंगचा हवा आणि बॅटरी पुराच्या रेषेच्या वर. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा.

नारळी_पौर्णिमा

माझा मुद्दा राहिला की. एलएफपी १०० वर ठेवल्याने बिघडतं काय? ३.४ व्होल्टवर धन बाजूला काहीच ताण नाही ना?

व्होल्टाची_वाट

धन बाजूला नाही, खरं आहे. पण ऋण बाजूला दोन्हीकडे ग्रॅफाइटच असतं. बॅटरी भरलेली असताना त्यात लिथियम ठासून भरलेलं असतं, आणि त्यावरचा थर जाड होत जातो. थर जाड होतो म्हणजे वापरात येणारं लिथियम तिथे अडकून कायमचं कमी होतं. उष्णतेत हे वेगाने होतं. म्हणून एलएफपीलाही मे महिन्यात महिनाभर १०० वर पत्र्याच्या शेडखाली उभी ठेवणं बरं नाही. एनएमसीपेक्षा नुकसान कमी, पण शून्य नाही. चाकरमानी गणपतीनंतर गाडी गावाला ठेवून जातात, त्यांनी ५०-६० वर ठेवावी, आणि परत आल्यावर पहिला प्रवास करण्याआधी १०० करून घ्यावी, कारण उभ्या गाडीचाही टक्का सरकतो. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची निगा मॅन्युअलमध्ये असेल तशी.

नारळी_पौर्णिमा

मान्य. मग रोज १०० आणि आठवड्यातून एकदा १००, यात तुम्ही काय निवडाल?

व्होल्टाची_वाट

रोजचं फिरणं ६०-७० किलोमीटर असेल तर रोज ८०-९० आणि आठवड्यातून एकदा पूर्ण.

कुडाळ_बेंच

इथे माझं मत वेगळं. ज्यांच्या घरी वारंवार लाइट जाते त्यांना आठवड्याची ती एक रात्र मिळेलच असं नाही. त्यांनी रोज १०० लावून ठेवावं, निदान आठवड्यात एकदा तरी ते खरोखर पूर्ण होईल. थोडी झीज परवडली, भरवसा नसलेला आकडा घाटात नको. मॅन्युअलमध्ये स्पष्ट सूचना असेल तर अर्थात तीच पाळा, कारण प्रत्येक कंपनी वर किती जागा राखून १०० दाखवते ते वेगळं असतं.

व्होल्टाची_वाट

लाइटचा मुद्दा बरोबर आहे, पण ज्यांच्या गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात त्यांच्यासाठी मी आठवड्यालाच चिकटून राहीन.

सडा_कातळ

आणि दुसरी गाडी निकेलची घ्यावी का, हे राहिलं.

व्होल्टाची_वाट

एलएफपीची मोठी उणीव थंडीत आहे. शून्य अंशाखाली चार्ज करताना ऋण बाजूवर लिथियम धातू म्हणून जमतं, त्यामुळे बीएमएसला चार्जिंग जवळजवळ थांबवावं लागतं; तसं हे दोन्ही रसायनांत होतं, पण एलएफपीला थंडी जास्त बाधते. किनाऱ्यावर ती वेळ कधीच येत नाही. एनएमसीचा त्रास उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत, तो इथे वर्षातले बरेच महिने आहे. एनएमसीचा खरा फायदा वजनाचा. सेलच्या एका किलोत एलएफपी १६० वॉट-तासांच्या आसपास देते, एनएमसी २५० च्या आसपास. एकाच चार्जमध्ये मुंबई गाठायची असेल, किंवा स्कूटरसारख्या जागा नसलेल्या वाहनात बॅटरी बसवायची असेल, तर तो फायदा मोलाचा. रत्नागिरी-लांज्यासाठी माझं मत एलएफपी. तुमच्या गाडीत दोष दिसतो तो मोजमापाचा. अडॅप्टर आल्यावर दोन्ही टोकांचे आकडे इथे टाका, मग सेलबद्दल बोलू.

सडा_कातळ

काल रात्री पूर्ण चार्ज केली. १०० दिसल्यानंतर पावणेदोन तास करंट घेत होती, मग बंद झाली. अडॅप्टर अजून आलेला नाही. १०-१५ टक्क्यांवर उतरेल तेव्हा घराजवळच राहीन. सेलचे क्रमांक मिळाले की याच धाग्यावर देतो.